सहकारी शिक्षकाच्या सेवापूर्ती समारंभात बोलायचं आहे? आठवणी शोधण्यापासून माईकपर्यंत

सेवापूर्ती समारंभात सहकाऱ्याची बोलायची पाळी येते तेव्हा सभागृह निम्मं दमलेलं असतं. दीपप्रज्वलन झालेलं असतं. प्रास्ताविकात नेमणुकीची तारीख सांगून झालेली असते, परिचयात शिक्षण, बदल्या आणि पुरस्कार येऊन गेलेले असतात. मानपत्रात ‘ज्ञानदानाचा वसा’ आणि ‘शांत, संयमी, मनमिळाऊ’ हेही वाचून झालेलं असतं. एखाद्या माजी विद्यार्थ्याने छडीची आठवण सांगून टाळ्या घेतलेल्या असतात. मग सूत्रसंचालक तुमचं नाव पुकारतो.

आता तुम्ही पुन्हा नेमणुकीच्या तारखेपासून सुरुवात केलीत, तर मागच्या रांगेतली मंडळी जेवणाच्या पंगतीकडे बघू लागतात. सेवेचा आलेख सांगायला मुख्याध्यापक आहेत, वर्गातल्या आठवणींना विद्यार्थी आहेत, घरच्या गोष्टींना घरचे आहेत. सहकाऱ्याकडे असतं ते शिक्षक खोलीतलं. दार ओढून घेतल्यावर, ऑफ तासाला, पेपर तपासताना, निवडणुकीच्या कामाच्या आदल्या रात्री त्या माणसाचं जे रूप दिसतं ते. तुमचं भाषण त्यावरच उभं करायचं.

पुढे उदाहरणासाठी एक कल्पित प्रसंग घेतला आहे. तालुक्याच्या गावची माध्यमिक शाळा, गणिताच्या बाई, ३१ वर्षांची नोकरी. बोलणारी व्यक्ती शेजारच्या टेबलावर १४ वर्षं बसलेली मराठीची शिक्षिका.

आधी दोन गोष्टी विचारून घ्या

पहिली म्हणजे, समारंभ कधी आणि समोर कोण असणार? महाराष्ट्रात शाळेतले शिक्षक वयाच्या ५८व्या वर्षी निवृत्त होतात, तेही ज्या महिन्यात ५८ पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. जन्मतारीख १ असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटी. त्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख दाखल्यावर १ जून आहे, कारण पहिलीत नाव घालताना गुरुजींनीच ती लिहिली. त्यामुळे निरोपांची गर्दी ३१ मेला होते आणि तेव्हा शाळेला सुट्टी असते. समोर विद्यार्थी नसतात. असतात ते सहकारी, नातेवाईक, केंद्रातले शिक्षक, संस्थेचे पदाधिकारी. मुलांना हसवणारी आठवण अशा सभागृहात पडते. उलट समारंभ शाळा सुरू असताना आवारात ठेवला असेल, तर पुढे पाचवी-सहावीची मुलं बसलेली असतात आणि वेतनश्रेणीवरचा विनोद फक्त मागच्या चार खुर्च्यांना कळतो.

दुसरी गोष्ट, तुमचा नंबर कितवा आणि मिनिटं किती? व्यासपीठावरून सावकाश बोलताना मिनिटाला साधारण १०० ते ११० शब्द होतात. पाच मिनिटं मिळाली असतील तर भाषण ५०० शब्दांचं लिहा. ‘वेळेची काळजी करू नका’ असं कोणी सांगितलं तरी तेवढंच. तुमच्या आधी सहा जण बोलणार असतील, तर त्यातले निदान दोघे १५-१५ मिनिटं घेतात आणि तुमच्या वेळी ‘दोन शब्दांत’ अशी चिठ्ठी येते. त्याची तयारी शेवटी बघू.

आठवणी आठवत बसू नका, गोळा करा

दहा-बारा दिवस आधी सुरुवात करा. आदल्या रात्री कागद घेऊन बसलं की फक्त विशेषणं सुचतात. वर्षानुवर्षं रोज दिसणाऱ्या माणसाचं काही वेगळं म्हणून डोक्यात नोंदलेलंच नसतं, त्यात तुमचा दोष नाही. म्हणून इतरांना विचारायचं.

मात्र ‘बाईंबद्दल काहीतरी सांगा ना’ असं विचारलंत तर ‘फार चांगल्या आहेत हो’ एवढंच मिळेल. प्रश्न लहान आणि टोकदार हवा. बाई शाळेत आल्यावर पहिलं काम कोणतं करतात? त्यांच्या तोंडात कायम असलेलं वाक्य कोणतं? त्या चिडल्या की काय करतात? त्यांच्या टेबलावरून कोणती वस्तू हलवलेली त्यांना चालत नाही? तुम्ही त्यांच्याकडून उचललेली एक सवय कोणती? असे प्रश्न पाच जणांना विचारा, पण पाचही शिक्षक नकोत. शिपाई मामा आणि लिपिक यांना आवर्जून विचारा. शाळा उघडायच्या आधी आणि सुटल्यानंतर कोण काय करतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. एखाद्या नव्या शिक्षकालाही विचारा; त्याला पहिल्या आठवड्यात बाईंनी काय सांगितलं हे त्याच्या अजून ताजं लक्षात असतं.

जे मिळेल ते त्याच शब्दांत वहीत उतरवा. मामांनी ‘बाई फळा धुत्यात’ म्हटलं असेल तर तसंच लिहा. ‘बाई फलक स्वच्छ ठेवण्याबाबत दक्ष असत’ असं भाषांतर केलं की आठवण तिथेच मेली.

मग कागदपत्रं. शाळेत जुन्या सूचना वह्या असतात, हस्तलिखितं आणि स्नेहसंमेलनाचे फोटो असतात. ती चाळली की वर्षं पक्की होतात. हे आवश्यक आहे, कारण व्यासपीठावरून चुकीचं साल सांगितलं की समोरची तीन माणसं एकमेकांकडे वळून ‘नाही हो, तेव्हा तर जुनी इमारत होती’ असं कुजबुजतात आणि पुढचं अर्धं मिनिट तुमचं राहत नाही. साल पक्कं नसेल तर ‘जुन्या इमारतीत असताना’ म्हणा. ते सालापेक्षा जास्त डोळ्यांपुढे येतं.

निवड: तीन पुरेत, त्यातली एक मोठी

वहीत पंधरा-वीस नोंदी जमतील. प्रत्येकीवर एकच चाचणी लावा. हेच वाक्य शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकाबद्दल म्हटलं तर खपेल का? ‘बाई वक्तशीर आहेत’ सगळ्यांना खपतं, म्हणून बाद. ‘बाई शाळा भरायच्या वीस मिनिटं आधी येतात आणि ओल्या फडक्याने फळा स्वतः पुसतात’ हे दुसऱ्या कुणाला बसत नाही, म्हणून ठेवा.

मग त्या नोंदीला ‘का’ विचारा. फळा पुसायला मामा आहेत, मग बाईच का? याचं उत्तर मिळेपर्यंत आठवण अर्धीच असते. आपल्या उदाहरणात बाईंचं म्हणणं असं की कोरड्या डस्टरने पुसलेल्या फळ्यावर पांढरा थर राहतो, त्यावर अपूर्णांकाची रेघ शेवटच्या बाकावरून दिसत नाही, आणि रेघ दिसली नाही की पोराला अंश कुठला नि छेद कुठला कळत नाही. आता ‘शिस्तप्रिय’ किंवा ‘विद्यार्थ्यांविषयी तळमळ’ म्हणायची गरजच उरली नाही. ते ऐकणाऱ्याचं ऐकणारा समजतो.

एक मोठी आठवण, एक मधली, आणि एक लाडीक खोड. खोड वगळू नका. नुसती स्तुती दोन मिनिटांनंतर ऐकू येईनाशी होते. माणूस हसला की पुन्हा कान टवकारतो. पण खोड कुठली घ्यायची? ज्यावर त्या स्वतः शिक्षक खोलीत हसतात तीच. बाई सगळ्यांची लाल पेनं उचलतात आणि परत करत नाहीत, हे चालेल. बाईंना मोबाइलवर ऑनलाइन माहिती भरता येत नाही, हे तुम्हाला गमतीचं वाटेल, पण तो त्यांचा दुखरा कोपरा असू शकतो. शंका असेल तर घ्यायची नाही.

काय अजिबात घेऊ नये हेही इथेच सांगतो, कारण सगळ्यात मोठा घोळ चांगल्या हेतूने होतो. ‘बाईंनी एका गरीब मुलीची फी भरली’ ही आठवण प्रत्येक निरोपात येते. गाव लहान असतं. ती मुलगी आज तिशीची असते, कदाचित समोर नवऱ्यासोबत बसलेली असते, आणि सगळ्या माना तिच्याकडे वळतात. तिची परवानगी घेतली नसेल तर ही आठवण सोडा. आजारपण, घरातलं दुःख, बदलीचा वाद, रखडलेली पदोन्नती, संस्थेतली गटबाजी हेही सोडा. पेन्शनच्या प्रकरणावर टोमणा मारायचा मोह होतो. पण तो त्यांच्या निरोपाचा दिवस आहे, आपल्या मागण्यांचा नाही.

जिवंत माणसाला ‘होत्या’ म्हणू नका

निरोपाच्या भाषणात सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत कमी लक्षात येणारी चूक काळाची आहे. ‘बाई फार प्रेमळ होत्या. त्यांचा स्वभाव मनमोकळा होता.’ बाई समोरच्या खुर्चीत शाल पांघरून बसलेल्या आहेत आणि सभागृहाला मात्र शोकसभा ऐकू येते. नियम सोपा आहे. घडलेला प्रसंग भूतकाळात, स्वभाव आणि सवयी वर्तमानकाळात. ‘त्या दिवशी बाई रात्री नऊपर्यंत थांबल्या’ बरोबर. ‘बाई कधी चिडत नसत’ऐवजी ‘बाई चिडत नाहीत, खडू खाली ठेवतात’.

याच घरातले आणखी काही शब्द आहेत. ‘न भरून निघणारी पोकळी’, ‘त्यांच्या स्मृती कायम राहतील’, ‘उर्वरित आयुष्य’. हे सगळे दुसऱ्या प्रसंगाचे आहेत. ‘आदरांजली’ हा शब्दही ऐकणाऱ्याला त्याच वाटेवर नेतो. ‘पुढचे दिवस’ म्हटलं की काम भागतं.

संबोधनाचं म्हणाल, तर शिक्षक खोलीत तुम्ही एकमेकींना अगं-तुगं करत असाल तरी माईकवर ‘बाई’ आणि ‘तुम्ही’. मात्र भाषणभर तृतीय पुरुषात बोलून शेवटच्या दोन-तीन वाक्यांत थेट त्यांच्याकडे वळा. ‘बाई, तुम्ही…’ असं वळण आलं की सभागृह शांत होतं. हे वळण एकदाच घ्यायचं. दर परिच्छेदाला घेतलं की त्याचं वजन जातं.

मसुदा, तुकड्यातुकड्याने

सुरुवात. सगळ्या मान्यवरांची नावं आधीच्या चौघांनी घेतलेली असतात. तुम्ही एका वाक्यात आटपा:

«आदरणीय व्यासपीठ, बाईंच्या घरची सगळी मंडळी, माझे सहकारी आणि विद्यार्थी मित्रांनो. गेली १४ वर्षं माझं टेबल बाईंच्या टेबलाला लागून आहे. त्यामुळे बाईंच्या वर्गात काय चालतं ते मला माहीत नाही. मी शिक्षक खोलीतलं सांगणार आहे.»

तुम्ही कोण, किती वर्षांची ओळख आणि काय सांगणार हे तीन वाक्यांत झालं. शेवटच्या वाक्यावर लोक थोडे हसतात आणि पुढे सरकून बसतात.

मग मोठी आठवण. इथे घाई करू नका. पाच मिनिटांतला सगळ्यात जास्त वेळ हिचाच आहे.

«मी रुजू झाले त्या वर्षी सहामाहीचे पेपर तपासत होते. चुकलं की लाल फुली, चुकलं की लाल फुली. एका पेपरवर इतक्या फुल्या झाल्या की खालचं अक्षर दिसेना. बाईंनी वाकून पाहिलं, बोलल्या काहीच नाहीत. आपला एक तपासलेला पेपर माझ्यासमोर सरकवला. गणिताचा पेपर, उत्तर चुकलेलं, आणि फुली कुठेच नाही. सात पायऱ्यांचं गणित होतं. तिसऱ्या पायरीखाली पेन्सिलीने एक बारीक रेघ. मी विचारलं, हे काय? बाई म्हणाल्या, ‘उत्तर चुकलंय हे त्याला गुण बघून कळतंच. कुठून चुकलं ते कळत नाही. तेवढं आपण सांगायचं.’ त्या दिवसापासून माझ्या मराठीच्या पेपरवरही पेन्सिलीची रेघ असते. निबंध कुठून घसरला तिथे.»

हे का चालतं ते बघा. बाई एकदाच बोलतात आणि तेही बोलीत. आकडे दोनच, सात पायऱ्या आणि तिसरी पायरी, पण त्यामुळे कागद डोळ्यांपुढे येतो. बोलणारीने चूक स्वतःची सांगितली आहे, दुसऱ्या कुणाची नाही. आणि शेवटी तिने काय उचललं ते आहे, जे फक्त सहकारीच सांगू शकतो. ‘अशा या बाईंकडून खूप काही शिकायला मिळालं’ असं शेपूट लावू नका. रेघेवर थांबा, एक श्वास घ्या.

मधली आठवण छोटी, मामांच्या शब्दांत:

«आमचे मामा सांगतात, ‘ताई, मला या शाळंत सगळे वर्ग झाडाय लागत्यात, पण आठवी ब चा फळा पुसाय लागला नाही.’ कारण तो बाई पुसतात. ओल्या फडक्याने. कोरड्या फळ्यावर अपूर्णांकाची रेघ शेवटच्या बाकावरून दिसत नाही म्हणून.»

मामांचं नाव घ्यायचं असेल तर त्यांना आधी विचारा, आणि त्यांच्या बोलीची नक्कल करून हशा मिळवू नका. वाक्य सरळ म्हणा, ते स्वतःच्या बळावर उभं आहे.

मग खोड, आणि तिच्यातूनच शेवट:

«बाईंचा एक दोषही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल हिने खरं सांगितलंच नाही. पेन्सिल बाईंची स्वतःची असते. लाल पेन मात्र कधीच नसतं. ‘जरा दे गं’ म्हणून घेतात, गुण देतात आणि पेन त्यांच्या ड्रॉवरमध्ये जातं. परवा तो ड्रॉवर रिकामा केला. आम्ही मोजली. २३ लाल पेनं. शेजारच्या शाळेतून आलेल्या परीक्षकांचंसुद्धा एक आहे.

बाई, तुम्ही ती सगळी टेबलावर मांडून ज्याची त्याला परत देत होतात. माझं मी ओळखलं, टोपण चावलेलं. पण उचललं नाही. ते तुमच्याकडेच असू द्या. तुमची पेन्सिल मात्र मी न विचारता घेतली आहे.»

इथे भाषण संपतं. ‘दीर्घायुष्य लाभो’ हे अध्यक्ष म्हणणार आहेत, ‘दुसरी इनिंग’ संस्थेचे सचिव म्हणणार आहेत. त्यांच्यासाठी ते राहू द्या. हवंच असेल तर वाक्य संपल्यावर हात जोडा आणि खाली उतरा.

घरच्यांचा उल्लेख कुठे? निरोपात यजमानांचं किंवा सौभाग्यवतींचं नाव घेणं आपल्याकडे रीतीचं आहे, आणि ‘खंबीर साथ’ हा शब्द ठरलेला. त्याऐवजी एक दिसणारी गोष्ट सांगा: दहावीच्या जादा तासांच्या दिवसांत संध्याकाळी सातला फाटकाशी स्कूटर घेऊन कोण उभं असायचं ते. एका वाक्यात, मामांच्या आठवणीनंतर.

कागद, माईक आणि गळा

लिहून झालं की मोठ्याने वाचा आणि घड्याळ लावा. मनात वाचून वेळ कळत नाही. जिथे जीभ अडखळते ते वाक्य लिहिण्याचं आहे, बोलण्याचं नाही. तोडून दोन करा. ‘च्या संदर्भात’, ‘या अनुषंगाने’ अशी कार्यालयीन पत्रातली जोडणी तिथेच सापडते.

पूर्ण पाठ करू नका. पाठ केलेलं एका शब्दावर अडलं की पुढचं सगळं जातं. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर फक्त टप्पे लिहा: शेजारचं टेबल, पेन्सिलीची रेघ, मामा, स्कूटर, लाल पेन. बाईंचं वाक्य आणि शेवटची तीन वाक्यं मात्र अक्षर न अक्षर लिहा, कारण भरून येतं ते तिथेच. मोबाइलवरून वाचू नका. स्क्रीन काळी होते, मध्येच फोन येतो, आणि समोरच्यांना वाटतं तुम्ही मेसेज बघताय.

गळा कुठे दाटेल हे घरी वाचतानाच कळतं. त्या वाक्याच्या आधी कागदावर एक तिरकी रेघ मारा. तिथे थांबायचं, बाईंकडे न बघता मागच्या भिंतीकडे बघायचं, आणि पुढचं वाक्य थोडं खालच्या पट्टीत सुरू करायचं. बाईंच्या डोळ्यांत पाहून ते वाक्य निभावणारे फार थोडे. तरी आवाज अडलाच, तर माफी मागू नका. तीन-चार सेकंद गप्प राहिलं तरी सभागृह वाट बघतं.

माईक भाड्याचा असतो आणि तुमच्या आधी बोलणारे साहेब उंच असतात. आधी दांडा खाली करा, मग बोला. तोंडापासून चार बोटं अंतर पुरे. ‘हॅलो, हॅलो, आवाज येतोय ना’ हे तुमचं पहिलं वाक्य होता कामा नये. कार्यक्रमाआधी मंडपवाल्याला विचारून दोन शब्द बोलून बघा.

आता ती चिठ्ठी. ‘वेळेअभावी दोन मिनिटांत’ असं आलं, तर भरभर बोलून सगळं कोंबू नका. मामा गेले, स्कूटर गेली. सुरुवातीतलं शेजारचं टेबल, पेन्सिलीची रेघ, आणि थेट शेवटची ओळ: ‘बाई, तुमची ती पेन्सिल मी न विचारता घेतली आहे.’ लाल पेनाशिवायही ती ओळ उभी राहते, हे घरी तपासून ठेवायचं. दोन मिनिटांची ही आवृत्ती कार्डाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा.

एक शक्यता अशीही असते की तुमच्या आधीच कुणीतरी पेन्सिलीची आठवण सांगून टाकतं. चांगली आठवण दोघांकडे असतेच. म्हणून आदल्या दिवशी बोलणाऱ्या इतर दोघा-तिघांना ‘तुम्ही काय सांगणार?’ एवढं विचारून घ्या. तरीही आयत्या वेळी झालंच, तर ‘आत्ता सरांनी ज्या पेन्सिलीचं सांगितलं, तिची रेघ बाईंनी मला मी रुजू झाले त्याच वर्षी दाखवली’ असं म्हणून तिथूनच धरा आणि वहीतली चौथी, राखून ठेवलेली नोंद काढा.

समारंभानंतर मसुदा स्वच्छ अक्षरात लिहून, सही-तारीख घालून त्यांना द्या. सत्काराच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला त्या दिवशी निम्मं ऐकूच येत नाही.